टिंबं न दिलेला शब्द

इजिप्तमधल्या मन्सूरा शहरात, कोर्टाच्या मागच्या गल्लीत भाषांतराची कचेरी चालवणाऱ्या इक्बालबाईंना चौकोनी कंसाचं व्यसन होतं. कुणाला सिगारेटचं असतं, कुणाला शेजाऱ्याच्या घरात डोकावायचं, यांना कंसाचं. अरबी दाखला समोर आला, की त्यातला मजकूर इंग्रजीत उतरवणं हे त्यांच्या मते कुणीही करील असं काम. खरी कसोटी उरलेल्याची. शिक्का कुठं आहे, गोल की चौकोनी, निळा की जांभळा, त्यातली किती अक्षरं उमटली नि किती पुसली, सही कुणाची, तिकीट कुठं चिकटवलंय, छापील काय नि हातानं लिहिलेलं काय, हे सगळं कंसात गेलं पाहिजे. मूळ कागदावर जे आहे ते सगळं, आणि नाही ते काही नाही, असा त्यांचा नियम होता. मुलींच्या शाळेत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं इंग्रजी शिकवण्यात घालवली. निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना म्हणून ही कचेरी थाटली, आणि विद्यार्थिनींचा सुटलेला धाक गिऱ्हाइकांवर बसवला.

एकदा एक गृहस्थ जन्मदाखला घेऊन आले. भाषांतरात त्यांना आढळलं, ‘खाली डावीकडे तपकिरी डाग, बहुधा चहाचा.’ गृहस्थ म्हणाले, निदान ते ‘बहुधा’ तरी काढा, लाज वाटते. इक्बालबाई म्हणाल्या, मी चाखून पाहिलेला नाही. तो डाग ‘बहुधा’सकट परदेशी गेला.

लग्न त्यांनी केलं नाही. तरुणपणी गणिताचे एक मास्तर त्यांना पत्रं लिहीत. मास्तरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. एका पत्रात त्यांनी फार जिव्हाळ्यानं काही लिहिलं होतं. इक्बालबाईंनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं ‘अस्पष्ट’ असं लिहून पत्र परत पाठवलं. मास्तरांनी ते मनाला लावून घेतलं आणि दमिएत्ताच्या एका मुलीशी लग्न केलं. त्या ओळीत ‘तुझ्यासाठी थांबेन’ असं होतं, हे बाईंना फार उशिरा कळलं. त्याबद्दल त्या स्वतःची थट्टाही करीत, पण एकदाच, आणि लगेच चष्मा पुसायला घेत.

तर अशा या बाईंकडे एका सकाळी हाजी मितवल्ली आणि त्यांची बायको दौलत अशी जोडी आली. दोघंही सत्तरीच्या पुढची, जवळच्याच खेड्यातली. हाजींच्या अंगात इस्त्रीचा पायघोळ गलाबिया, पायात पॉलिश केलेले बूट. दौलतच्या डोक्यावर मोठी टोपली, तिच्यात फितीर म्हणजे तुपानं चिंब झालेल्या पदरांच्या पोळ्या, जुनं चीज आणि अंडी. सरकारी काम असो की डॉक्टर, रिकाम्या हातानं जायचं नाही ही तिची रीत. इक्बालबाई म्हणाल्या, हाज्जा, मी असलं काही घेत नाही. दौलतनं टोपली टंकयंत्राशेजारी ठेवली आणि म्हणाली, मग तुमच्या शेजाऱ्यांना द्या. शेजारी म्हणजे औषधाचं दुकान. त्या दिवशी औषधवाल्याच्या वाट्याला काही गेलं नाही, हे इथंच सांगून टाकायला हरकत नाही.

काम असं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी रगदा अमेरिकेत न्यू जर्सीला राहते, तिकडची नागरिक झाली आहे, आणि आता आईवडिलांना कायमचं बोलावून घेण्यासाठी अर्ज भरते आहे. तिला स्वतःचा जन्मदाखला हवा, आणि बापासाठी अर्ज करायचा म्हणजे आईबापांचं लग्न झालं होतं याचाही पुरावा हवा. दोन्ही इंग्रजीत, आणि खाली भाषांतर करणाऱ्यानं लिहून द्यायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे. रगदाचं पोट दिसायला लागलं होतं. पहिलंच. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, आशा सोडल्यावर. दौलतला त्या बाळंतपणाला पोचता येणार नाही हे तिला कुणीतरी नीट समजावून सांगितलं होतं, अशा कामांना वेळ लागतो. मग निदान ते पोर चालायला लागायच्या आत, एवढंच ती म्हणत होती.

लग्नाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीतून निघाला. चार घड्या, घड्यांच्या रेघांवर कागद विरलेला. इक्बालबाईंनी तो टेबलावर पसरला, भिंग काढलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की बघणाऱ्याला वाटावं, नातवंडच मांडीवर दिलंय. साल एकोणीसशे शहात्तर. शिक्के तीन. महसुलाची तिकिटं दोन, एक अर्धं सुटलेलं. वराची सही, वधूचा अंगठा. सगळं हातानं लिहिलेलं, माझूनच्या हातचं. माझून म्हणजे लग्न लावून सरकारी पुस्तकात त्याची नोंद करणारा काझी. हा माझून घाईत असावा किंवा त्याला शाई वाचवायची असावी. टिंबं द्यायची म्हटली की त्याच्या जिवावर येई.

आता अरबी अक्षराचा सगळा जीव टिंबात. एकच दाता, कंगव्याला असतो तसा. खाली एक टिंब दिलं तर ब, वर एक दिलं तर न, वर दोन दिली तर त. टिंबंच दिली नाहीत तर वाचणाऱ्यानं संदर्भावरून ओळखायचं. इक्बालबाईंना ते ओळखता येई, आणि त्याचा त्यांना गर्वही होता.

‘राज्याचा गोल शिक्का, मध्ये ससाणा,’ असं पुटपुटत त्या लिहू लागल्या, तेव्हा हाजींनी त्यांना थांबवलं. म्हणाले, गरुड. सरकारी शिक्क्यावर गरुड असतो. बाई म्हणाल्या, हल्ली गरुड आहे, पण त्या वर्षांत ससाणा होता, मधे काही वर्षं त्यांनी पक्षी बदलला होता, चोच बघा. हाजींनी भिंगातून चोच पाहिली. त्यांना चोचीसारखं काही दिसेना, पण गरुडाचा आग्रह त्यांनी सोडला. दौलत हसून म्हणाली, पन्नास वर्षं आम्ही कुठल्या पक्ष्याखाली संसार करतोय ते आज कळलं.

मग नावं. पासपोर्टात जशी आहेत तशीच घ्यायची, हा नियम. पासपोर्टच्या कारकुनानं दौलतच्या नावात एक अक्षर जादा घुसडलं होतं. बाईंनी नाक मुरडलं, तरी तसंच लिहिलं, आणि कंसात टाकलं, ‘नावाचं स्पेलिंग पासपोर्टाप्रमाणे’. वराचं नाव, धंदा, गाव. साक्षीदार दोघे, एकाची सही, एकाची मोहोर. जिथं वधू कुमारी की आधी लग्न झालेली हे लिहायचं, ती जागा माझूननं रिकामीच ठेवली होती. बाईंनी लिहिलं, ‘रिकामी.’ वधूच्या नावाच्या ओळीवर, दौलत आणि तिच्या बापाचं नाव यांच्या मधल्या जागेत, ओळीच्या थोडं वर, मागाहून घुसवल्यासारखा एक बारका शब्द होता. तीन दाते, टिंबं नाहीत. बाईंनी तो सहज वाचला, बिंत. म्हणजे मुलगी. दौलत, अब्दुलबारीची मुलगी. जुने माझून असं लिहीत. लिहून टाकलं.

दोन दिवसांनी काम तयार झालं. सही करण्याआधी इक्बालबाई नेहमी सगळं भाषांतर गिऱ्हाइकाला पुन्हा अरबीत सांगून दाखवीत, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. जोडी पुन्हा समोर बसली. बाई सांगत गेल्या. वधू, दौलत, अब्दुलबारीची मुलगी.

दौलत फिसकन हसली.

हाजींनी खोकून घेतलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“ते बिंत नाही हो, उस्ताझा,” दौलत बाईंना म्हणाली. “तो माझून आत आला होता, आम्ही बायका जिथं बसलो होतो तिथं. अंगठा घ्यायला. दारातून त्यानं विचारलं, सय्यिब? मी म्हटलं, हो, सय्यिब. मग त्यानं लिहिलं.”

सय्यिब म्हणजे जिचं आधी एक लग्न होऊन गेलंय अशी बाई. इक्बालबाईंनी कागद परत पुढं ओढला आणि भिंग लावलं. तीन दाते. टिंबांशिवाय बिंत आणि सय्यिब यांच्यात तिळाचाही फरक नसतो. दोन्ही शब्द तीन दात्यांचे, शेवटची शेपटीसुद्धा तीच. आयुष्यभर दुसऱ्याच्या शब्दाखाली ‘अस्पष्ट’ लिहिणारी बाई, आणि हा शब्द तिनं पाहिल्या पाहिल्या स्पष्ट वाचला होता.

“बिंतच आहे,” हाजी म्हणाले. “तसंच असू दे.”

“अहो अबू रगदा, काय बोलताय?” दौलत नवऱ्याला म्हणाली.

“कागदावर आहे ते सांगतोय. बाईंचाच नियम आहे ना, कागदावर असेल तेवढंच. काय हो उस्ताझा?”

उस्ताझांना स्वतःचाच नियम असा तोंडावर मारला जाईल याची सवय नव्हती. त्यांनी शांतपणे विचारलं, हाज्जा, आधी लग्न झालं होतं का. दौलतनं सरळ सांगितलं. झालं होतं. गाबिर नावाच्या एका मुलाशी, तिच्याच गावचा, खजुराच्या झाडांवर चढून घड उतरवायचं काम करी. लग्नानंतर पहिला हंगाम आला, आणि तो झाडावरून पडला. एक हिवाळा तिनं त्याच्या घरी काढला होता. नंतर बापानं परत आणलं, नंतर हाजींशी लग्न झालं. तिनं हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात ना रडणं होतं ना लाज. हाजी मात्र खिडकीबाहेर बघत बसले होते, जणू कोर्टाच्या भिंतीवर काही फार महत्त्वाचं लिहिलंय.

इक्बालबाईंनी मग दोघांना नीट समजावलं, शाळेत समजावत तसं. मला हा शब्द सय्यिब म्हणून लिहिता येणार नाही, कारण कागदावर ते दिसत नाही. बिंत म्हणूनही लिहिता येणार नाही, कारण तेही दिसत नाही. कंसात लिहावं लागेल, की ओळीच्या वर हातानं घुसवलेला शब्द, टिंबं नाहीत, दोन प्रकारे वाचता येतो, आणि घुसवलेल्या जागी माझूनची सही नाही. मग तिकडचा अधिकारी विचारील, दोन्हींतलं खरं काय. मुलीच्या अर्जात प्रत्येकाचं आधी लग्न झालं होतं का हे विचारलेलं असतं. झालं असेल तर ते कसं संपलं याचा कागद लागतो. गाबिरचा मृत्यूचा दाखला जोडला, की प्रश्न संपला. तो न जोडता, हाज्जांचं लग्न ‘एकदाच’ झालं असं लिहिलं, तर ते खोटं ठरेल, आणि उद्या कळलं तर सगळा अर्ज जाईल.

“म्हणजे त्याच्या नावाचा कागद आणावा लागणार,” दौलत म्हणाली. “आणा की. त्याच्या भावाचा मुलगा गावात आहे.”

“नाही,” हाजी म्हणाले. “ही बाई कंस टाकते म्हणून आपण कुणाच्या तरी दारात जायचं? दुसऱ्या बाईकडे जाऊ. शहरात भाषांतराची कचेरी काय एकच आहे?”

हे खरं होतं. त्याच गल्लीत आणखी दोन होत्या, आणि त्यांतली एक तर इतकी उदार, की कागद नुसता घडी घालून दिला तरी भाषांतर करून देई. इक्बालबाईंना राग यायला हवा होता. पण त्यांना राग आला नाही, त्यांना पहिल्यांदाच या म्हाताऱ्याची मौज वाटली. झाडावरून पडून गेलेल्या पोराचा हेवा करणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. आपल्यासाठी असं कुणी झुरलं असतं तर, असा एक विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो तिथंच खोडला.

“मग घेऊन जा कागद,” त्या म्हणाल्या. “पण दुसरीकडं बिंत असं लिहून घ्याल, तर खाली सही करणाऱ्याला तुम्ही खोटं पाडाल, आणि वर रगदालाही. ती तिच्या नावानं सही करणार आहे.”

हाजी उठले नाहीत. त्यांनी कागद जवळ ओढला, वाकून तो शब्द पाहिला. आणि मग कुणाला काही कळायच्या आत टेबलावरचं पेन उचललं.

“काय करताय?” इक्बालबाई किंचाळल्याच.

“टिंबं देतो. पाच मिनिटांचं काम. ब, न, त.”

बाईंनी पेन असं हिसकावलं की हाजींच्या गलाबियाच्या बाहीवर शाईचा एक ओरखडा उठला. सरकारी कागदावर हात चालवायचा नाही, त्या म्हणाल्या, एक टिंब जरी टाकलंत तरी ती बनावट कागदपत्रं होतील. हाजी ओशाळले. बाहीकडे बघत राहिले. दौलतनं ओढणीच्या टोकानं ती शाई पुसायला घेतली, ती आणखी पसरली.

“पन्नास वर्षं टिंबं दिली नाहीत,” दौलत म्हणाली, “आणि आज द्यायला निघालात. मला माहितीय. तुम्हाला माझी लाज वाटत होती. म्हणूनच माझूनला सांगितलं असेल, टिंबं देऊ नकोस. म्हणून त्या बिचाऱ्याचं नाव एकदाही घरात काढू दिलं नाहीत. काढलं की जेवणावरून उठायचात.”

हाजींनी मान वर केली.

“लाज?” ते म्हणाले. “कोण म्हणतं लाज?”

“मीच म्हणतेय. आणखी कोण म्हणणार?”

मग हाजी बोलले. हळू बोलले, आणि मध्येच इक्बालबाईंकडे वळून बोलले, कारण बायकोकडे बघून त्यांना ते बोलवेना. त्यांची आई होती ना, ती फार कडक बाई होती. थोरल्या मुलाला ‘वापरलेली’ बायको आणणार नाही, असं तिनं सांगून ठेवलं होतं. हाच शब्द वापरला होता तिनं. आणि मितवल्लीला तर नदीपलीकडच्या लग्नघरात फरशी धुणारी ती एक विधवा मुलगी सोडून कुणीच नको होतं. आई म्हणाली, कागद आणून शाळामास्तरकडून वाचून दाखव, तर विश्वास ठेवीन. गावातल्या सगळ्यांना माहीत होतं, फक्त आईला नव्हतं. ती कानानं मंद होती आणि लोकांची तोंडं त्या मानानं बरी होती. मितवल्लीनं माझूनला सांगितलं, बिंत लिही, त्याचा कुमारी असाही अर्थ होतो. माझून धर्मभीरू होता, म्हणाला खोटं लिहिणार नाही. मितवल्लीनं गयावया केली. माझून म्हणाला, मी खरंच लिहीन, पण टिंबं तुझ्यासाठी सोडून देईन, पुढं अल्ला आणि मास्तर बघून घेतील. मास्तरांनी वाचलं, बिंत. आई खूश झाली.

“म्हणून तुला म्हटलं, त्याचं नाव काढू नकोस,” हाजी म्हणाले. “आईच्या कानावर गेलं असतं, तर तिनं तुला दारात उभं केलं नसतं. एवढंच.”

शेजारी औषधवाला कुणाला तरी हिशेब समजावत होता, तो आवाज इथं येत होता.

“आई जाऊन किती वर्षं झाली?” दौलतनं विचारलं.

“झाली असतील चाळीसच्या वर.”

“मग?”

हाजींनी बराच विचार केला. “सवय झाली,” ते म्हणाले. “नंतर तू काढलं नाहीस, मग मी कशाला काढू.”

इक्बालबाईंना हसू येत होतं, आणि हसायची चोरी होती, म्हणून त्या कागद उगाचच सारखा करीत बसल्या. आईसाठी घातलेला नियम आईच्या मागे चाळीस वर्षं बिनपगारी काम करीत राहिला होता, आणि त्याला कुणी सुट्टीवर जा म्हटलं नव्हतं. त्यांना स्वतःची पेन्सिल आठवली, गणिताच्या मास्तरांची ती ओळ आठवली, आणि या जोडीचा मनापासून हेवा वाटला. ही दोघं निदान एका घरात बसून गप्प होती.

दौलतचे डोळे मात्र भरले होते. ती म्हणाली, मला वाटायचं मी मेलेल्या माणसाचं नाव तुमच्या घरात आणून घर विटाळलं. रात्रंदिवस वाटायचं. गाबिर चांगला होता, त्याच्यासाठी कधी दुवा मागितली तरी चोरून मागायची. हाजी म्हणाले, मला काय माहीत. दौलत म्हणाली, तुम्हाला कधीच काही माहीत नसतं. हे ती नेहमीच म्हणत असे, पण या खेपेस हाजींनी मान डोलावली.

“रगदाला सांगावं लागेल,” हाजी थोड्या वेळानं म्हणाले. “अर्जात लिहायचं तर तिला काय सांगायचं?”

“ती तिसरीत होती तेव्हापासून तिला माहितीय,” दौलत म्हणाली. “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही ती.”

सगळ्या कुटुंबानं एकमेकांच्या काळजीपोटी मिळून हे सांभाळलं होतं, आणि एकालाही दुसऱ्याची साथ आहे हे ठाऊक नव्हतं.

इक्बालबाईंनी भाषांतर दुरुस्त केलं. ‘ची मुलगी’ हे शब्द काढले, त्या जागी कंस आला, लांबलचक, दोन्ही वाचनांसकट, टिंबं नाहीत, सही नाही, शाई थोडी वेगळी. दौलत म्हणाली, आता तर तुम्हाला कळलंय, मग सय्यिब का नाही लिहीत. बाई म्हणाल्या, मला कळलंय, पण कागदाला कळलेलं नाही. हाजींकडून ऐकलेलं मी कागदाच्या तोंडी घालू शकत नाही. खरं काय ते तुम्ही अर्जात लिहा, आणि त्याच्याशेजारी गाबिरचा दाखला ठेवा. कंसानं फसवणूक होत नाही, नुसती चौकशी होते, आणि चौकशीला उत्तर असलं की झालं.

“आणायचा कुणी?” दौलत म्हणाली आणि नवऱ्याकडे बघितलं. तिनं ‘तुम्ही’ म्हटलं नाही. बायकांना ते म्हणावं लागत नाही.

पुढच्या आठवड्यात हाजी एकटेच नदीपलीकडे दौलतच्या माहेरगावी गेले. गाबिरच्या भावाच्या मुलाला बरोबर घेऊन ते सरकारी नोंदणी कचेरीत बसले, तिथल्या कारकुनानं दोनदा परत पाठवलं. मृत्यू कधीचा, वडिलांचं नाव काय, आईचं नाव काय, हे सगळं विचारलं. पुतण्याला आजीचं नाव आठवेना. हाजींनी सांगितलं. पुतण्यानं विचारलं, तुम्हाला कसं माहीत. हाजी म्हणाले, चौकशी केली होती, लग्नाआधी. काय चौकशी केली होती ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. पण तो पुतण्या पुढं गावभर सांगत होता, की नदीपलीकडचे हाजी आमच्या काकाचं पूर्ण नाव, आजोबांसकट, न अडखळता म्हणून दाखवतात.

दाखला घेऊन हाजी आणि दौलत इक्बालबाईंकडे आले तेव्हा दुपार होती. टोपलीत या वेळी तांदूळ भरून भाजलेली कबुतरं होती, आणि औषधवाल्यालाही एक पोचलं. दाखला संगणकातून निघालेला, शिक्का ताजा, एक टिंबही सुटलेलं नाही. बाईंना त्यात करण्यासारखं फारसं काही नव्हतं. त्यांनी तो वाचायला घेतला, तेवढ्यात दौलतनं हात पुढं केला.

“उस्ताझा, त्यांना द्या,” ती म्हणाली. “वाचता येतं त्यांना. मशिदीत शिकलेत.”

बाईंनी कागद हाजींपुढं सरकवला. हाजींनी चष्मा चढवला, घसा साफ केला, आणि वाचलं. गाबिर अब्दुलसलाम हसनैन. खाली त्याच्या आईचं नाव, जन्माचं साल, मृत्यूचं साल. खजुराचा हंगाम होता तो महिना. हाजींनी मध्येच पाणी मागितलं, प्याले, आणि उरलेलं पुरं केलं. लग्न झाल्यापासून आपल्या बायकोसमोर ते नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं होतं. नाव घेऊन काही झालं नाही. ते टेबलापाशी बसूनच राहिले.

दौलतला वाचता येत नव्हतं. तिनं त्या दाखल्यावर, जिथं नाव असावं असं तिला वाटलं तिथं बोट ठेवलं. बोट थोडं खाली, गावाच्या नावावर पडलं. हाजींनी तिचा हात धरून बोट वर आणलं आणि नावावर ठेवलं.

“पुन्हा वाचा,” ती म्हणाली.